४८ दिवस चालू राहिलेले गेस्ट आणि बिलमाफीचे पत्र

३ मार्च २०२५ रोजी संध्याकाळी मला क्लाउड पुरवठादाराची एक मेल आली. तिच्यात लिहिले होते की, फेब्रुवारी महिन्याच्या इनव्हॉइसची १२८.७९ डॉलरची रक्कम कार्डातून वसूल होऊ शकली नाही आणि काही दिवसांनी पुन्हा प्रयत्न केला जाईल. मी विद्यार्थिनी आहे, आणि त्या कार्डाच्या खात्यात तेवढे पैसे कधीच नसतात. वसुली फसली ती त्यामुळेच. सुरुवातीला मला ती मेल बनावट वाटली, कारण त्या क्लाउड खात्यात माझे काहीही चालू नाही अशी माझी पक्की समजूत होती. मेलमधील दुव्यावर क्लिक न करता मी पत्ता स्वतः टाइप करून कन्सोल उघडला. इनव्हॉइस खरा होता.

मुळात झाले होते ते असे. नेटवर्किंगच्या प्रकल्पासाठी मला दोन रीजनमधील, म्हणजे क्लाउडच्या दोन वेगळ्या भौगोलिक ठिकाणांमधील, गेस्टांमध्ये डेटा किती वेगाने जातो हे मोजायचे होते. त्यासाठी १४ जानेवारीला मी एकाच मापाची दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजेच दोन गेस्ट, उभी केली. त्यांपैकी एक माझ्या नेहमीच्या रीजनमध्ये होते आणि दुसरे दूरच्या. दूरच्या गेस्टवर वेग मोजण्याच्या प्रोग्रामचा सर्व्हर `iperf3 -s` चालू ठेवला, जवळच्या गेस्टवरून तीन तास मोजणी केली, आकडे उतरवून घेतले आणि काम संपल्यावर जवळचे गेस्ट हटवले. कन्सोलमधील यादी रिकामी दिसली, तेव्हा मी समाधानाने लॅपटॉप मिटला. ती यादी एका वेळी निवडलेल्या एकाच रीजनची असते आणि वरच्या कोपऱ्यातील रीजनचे नाव बदलल्याशिवाय दुसरीकडचे गेस्ट तिच्यात दिसत नाही, हे मला माहीत नव्हते असे नाही. त्या क्षणी ते आठवले नाही, एवढेच.

जानेवारीतच हे लक्षात का आले नाही, याचे उत्तर मला बिलाच्या पानावर सापडले. नोंदणीच्या वेळी मला १०० डॉलरचे क्रेडिट मिळाले होते. जानेवारीचा सगळा खर्च, म्हणजे ८८.४१ डॉलर, त्यातून परस्पर वळता झाला आणि त्या महिन्याचे देणे शून्य दिसले. देणे शून्य असलेला इनव्हॉइस कोणी उघडून बघत नाही, तसा मीही बघितला नाही. उरलेले ११.५९ डॉलर फेब्रुवारीत संपले आणि त्यानंतरचा भार थेट कार्डावर आला. विसरलेल्या गेस्टचा सुगावा लागण्यात क्रेडिट हाच सर्वांत मोठा अडथळा असतो, कारण संपेपर्यंत ते सगळे झाकून ठेवते.

बिलाच्या पानावर एकूण रक्कम बघून काहीच कळत नाही. ती रक्कम आधी सेवेनुसार उलगडावी लागते, मग रीजननुसार आणि शेवटी वापराच्या प्रकारानुसार. तिसऱ्या पायरीवर मला दूरच्या रीजनच्या नावाखाली ६७२ तास ही नोंद दिसली आणि सगळा उलगडा झाला. फेब्रुवारीचे २८ दिवस गुणिले २४ तास म्हणजे बरोबर ६७२. तासांचा आकडा महिन्याच्या पूर्ण तासांइतका भरला, तर यंत्र एक मिनिटही बंद झालेले नाही असे समजावे. तासाला ०.१९२ डॉलर या दराने गणनेचे, म्हणजे यंत्र चालवण्याचे, १२९.०२ डॉलर झाले होते. १०० जीबीच्या डिस्कचे ८ डॉलर आणि सार्वजनिक आयपी पत्त्याचे ३.३६ डॉलर मिळून बेरीज १४०.३८ होत होती, आणि तिच्यातून उरलेले क्रेडिट वजा केले की १२८.७९ हा मेलमधला आकडा मिळत होता. हे गणित कागदावर जुळेपर्यंत मी पत्राला हात लावला नाही, आणि ते बरे झाले असे आता वाटते.

गेस्ट सापडल्याबरोबर ते हटवून टाकावे, अशी पहिली ऊर्मी येते. माझे बोट त्या बटणावर गेलेही होते. परंतु यंत्र हटवले की ते खरोखरच रिकामे बसून होते याचा आतला पुरावाही त्याच्याबरोबर जातो. गेस्ट आणखी १५-२० मिनिटे चालू राहिल्याने फार तर सहा-सात सेंट वाढणार होते. म्हणून मी आधी त्यात लॉगिन केले आणि दोन आज्ञा दिल्या.

```
$ uptime
 19:42:10 up 48 days,  4:39,  1 user,  load average: 0.00, 0.00, 0.00
$ last
student  pts/0        203.0.113.24  Mon Mar  3 19:41   still logged in
student  pts/0        203.0.113.24  Tue Jan 14 15:12 - 18:05  (02:53)
reboot   system boot  5.15.0        Tue Jan 14 15:03   still running

wtmp begins Tue Jan 14 15:03:11 2025
```

(वरचा आयपी पत्ता मी बदलून लिहिला आहे.) मला सांगायचे होते ते सगळे या सहा-सात ओळींत होते. यंत्र १४ जानेवारीला सुरू झाले, त्याच दिवशी त्यात एकदा लॉगिन झाले, आणि त्यानंतर थेट ३ मार्चपर्यंत आत कोणीही आलेले नव्हते. शेवटची `wtmp begins` ही ओळ स्क्रीनशॉटमधून कापू नये. नोंदवही कोणत्या तारखेपासून सुरू होते ते तिच्यावरून कळते. ती तारीख अलीकडची असेल, तर जुनी नोंद वेगळ्या फाइलमध्ये गेलेली असू शकते आणि मग नुसत्या `last`च्या आधारे केलेला दावा अपुरा पडतो. याशिवाय कन्सोलवरील सीपीयू आणि नेटवर्कचे आलेख मी पूर्ण कालावधी निवडून जतन केले. १४ जानेवारीला तीन तासांचा एक उंचवटा होता आणि त्यानंतर दोन्ही आलेख जवळजवळ तळाला टेकलेले होते. रात्री ८ वाजता मी गेस्ट थांबवले. या सगळ्या वेळा यूटीसीमधील आहेत, कारण बिल त्याच वेळेनुसार निघते. पत्रातही मी तीच वेळ वापरली, अन्यथा माझे तास आणि त्यांचे तास जुळले नसते.

त्या रात्री लिहिलेला पत्राचा पहिला मसुदा दोन पानांचा होता. त्यात माझी आर्थिक परिस्थिती होती, परीक्षेचा ताण होता, ‘कृपया’ हा शब्द ११ वेळा होता, आणि कन्सोलने सगळ्या रीजनची यादी एकत्र दाखवायला हवी असा उपदेशही होता. दुसऱ्या दिवशी तो मी प्रकल्पाच्या मार्गदर्शक बाईंना दाखवला. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि विचारले, “यात तुझी हकिकत आहे गं, यंत्राची कुठे आहे?” पत्र वाचणारी व्यक्ती खाते उघडून तपासणार, आणि काय तपासायचे ते तिला पत्रातूनच कळायला हवे, असे त्यांचे म्हणणे होते. मी मसुदा बाजूला ठेवला आणि नव्याने लिहिले. ४ मार्चला पाठवलेले पत्र असे होते.

विषय: फेब्रुवारी २०२५च्या इनव्हॉइसमधील एका विसरलेल्या चाचणी गेस्टचे शुल्क माफ करण्याबाबत विनंती

महोदय/महोदया,

मी विद्यार्थिनी असून हे खाते केवळ अभ्यासासाठी वापरते. १४ जानेवारी रोजी १५:०३ यूटीसी वाजता मी दुसऱ्या रीजनमध्ये एक चाचणी गेस्ट सुरू केले. त्याचा ओळख क्रमांक आणि रीजन सोबतच्या पहिल्या स्क्रीनशॉटमध्ये आहेत. त्या दिवशी सुमारे तीन तास त्याचा वापर केल्यानंतर मी माझ्या नेहमीच्या रीजनमधील गेस्ट हटवले, परंतु हे दुसरे गेस्ट हटवायचे विसरले. ही चूक माझी आहे.

३ मार्च रोजी वसुली अयशस्वी झाल्याची मेल मिळाल्यावर ही बाब माझ्या लक्षात आली आणि त्याच दिवशी २०:०० वाजता मी गेस्ट थांबवले. १४ जानेवारीनंतर ३ मार्चच्या माझ्या तपासणीपर्यंत त्यात एकही लॉगिन झालेले नाही, तसेच सीपीयू आणि नेटवर्कचा वापर नगण्य आहे. `uptime` व `last` यांचे निकाल आणि दोन्ही आलेख सोबत जोडले आहेत. खात्यात अन्य कोणी प्रवेश केल्याचे मला आढळलेले नाही आणि तसा माझा दावाही नाही.

फेब्रुवारीच्या इनव्हॉइसमध्ये या गेस्टच्या ६७२ तासांचे १२९.०२ डॉलर आकारले आहेत. क्रेडिट वजा जाता इनव्हॉइसची थकीत रक्कम १२८.७९ डॉलर आहे. ही रक्कम एकवेळचे समायोजन म्हणून माफ करावी, अशी माझी विनंती आहे. १४ जानेवारीच्या प्रत्यक्ष वापराच्या शुल्काबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. विनंतीचा निर्णय होईपर्यंत कार्डावरील पुढील वसुली स्थगित ठेवता आल्यास मी आभारी राहीन.

आपली विश्वासू,
(नाव आणि खाते क्रमांक)

या पत्रातील दोन गोष्टींबद्दल थोडे सांगायला हवे. पहिली गोष्ट ‘खात्यात अन्य कोणी प्रवेश केल्याचे मला आढळलेले नाही’ हे वाक्य. खाते हॅक झाले असे सांगितले तर माफी सहज मिळते, असा सल्ला मला एका मित्राने दिला होता. तो मी मानला नाही, आणि त्यात केवळ प्रामाणिकपणाचा प्रश्न नव्हता. चोरलेल्या खात्यात साधारणतः एकाच वेळी अनेक रीजनमध्ये मोठी यंत्रे उभी राहतात आणि क्रिप्टो नाणी खणण्यासाठी त्यांचे सीपीयू शंभर टक्क्यांवर धावत असतात. माझा आलेख तळाशी झोपलेला होता. ज्याच्यासमोर हे दोन्ही आलेख रोज येतात, त्याला माझा खोटेपणा पहिल्या नजरेत कळला असता. शिवाय हॅकिंगची तक्रार सुरक्षा विभागाकडे जाते, तिथे खाते गोठवले जाण्याचीही शक्यता असते आणि मूळ बिलाचा प्रश्न तसाच लटकत राहतो.

दुसरी गोष्ट म्हणजे नेमकी रक्कम. ‘जमेल तेवढे कमी करा’ असे लिहिले की समोरच्याला स्वतः हिशेब मांडावा लागतो. क्रेडिटमधून आधीच वळते झालेले जानेवारीचे पैसे मी मागितले नाहीत, कारण ते माझ्या खिशातून गेलेले नव्हते आणि मागणी जितकी अरुंद असेल तितकी ती मान्य करणे सोपे जाईल असे मला वाटले.

पत्र पाठवण्याची जागाही महत्त्वाची आहे. तांत्रिक मदतीचे तिकीट उघडायला गेले, तर तिथे पैसे भरून घ्यायची योजना समोर आली आणि क्षणभर मी खचले. बिलिंगचे तिकीट मात्र विनामूल्य योजनेतही उघडता येत होते. प्रवर्ग निवडताना ‘बिलिंग’ आणि त्याखाली ‘शुल्काबाबत हरकत’ असे निवडले आणि तिकीट कोणतेही शुल्क न लागता नोंदले गेले. याच सुमारास कोणीतरी बँकेकडे व्यवहाराबद्दल तक्रार करायचेही सुचवले होते. माझ्या बाबतीत तर पैसे गेलेलेच नव्हते. पण गेले असते तरी मी तसे केले नसते, कारण बँकेतून पैसे ओढून परत घेतले की पुरवठादाराच्या दप्तरी तुम्ही विनंती करणारे राहत नाही, वादातला पक्ष बनता.

६ मार्चला सकाळी पहिले उत्तर आले. भाषा सौम्य होती, पण त्यातील एका वाक्याने मला ओशाळवाणे वाटले: ‘तुमच्या खात्यात अजूनही शुल्क लागू असलेली संसाधने आहेत.’ मी गेस्ट थांबवले होते, हटवले नव्हते. थांबवलेल्या गेस्टच्या गणनेचे शुल्क बंद होते, पण त्याची डिस्क जागा अडवून असते आणि तिचे भाडे चालूच राहते. त्यात भर म्हणजे, मोजणीच्या स्क्रिप्टमध्ये पत्ता बदलू नये म्हणून मी एक सार्वजनिक आयपी पत्ता राखून ठेवला होता, आणि राखून ठेवलेला पत्ता कोणत्याही चालू यंत्राला जोडलेला नसला तरी त्याचे तासाचे शुल्क लागतच राहते. पुराव्याच्या काळजीत मी ही दोन्ही चाके फिरती ठेवली होती. स्क्रीनशॉट हाताशी असल्याने आता गेस्ट ठेवण्याचे कारण उरले नव्हते. १० वाजेपर्यंत मी आधी गेस्ट हटवले, मग डिस्क आणि शेवटी पत्ता सोडून दिला. हा क्रम पाळावा लागतो, कारण गेस्टला जोडलेली डिस्क आणि पत्ता सुटे केल्याशिवाय हटवता येत नाहीत. त्यानंतर रीजनची यादी उघडून प्रत्येक रीजन एकेक करून बघितला. कंटाळवाणे काम आहे, अर्धा तास गेला, आणि बाकी कुठे काही सापडले नाही.

उत्तरात आणखी एक अट होती. पुन्हा असे घडू नये म्हणून मी काय केले ते लेखी कळवायचे होते आणि त्यात खर्चाचा इशारा लावणे अनिवार्य होते. हा इशारा लावताना एक छोटा चौकोन माझ्या नजरेतून सुटणार होता. इशारा क्रेडिट वजा केल्यानंतरच्या खर्चावर आधारावा की आधीच्या, हे तिथे ठरते, आणि सुरुवातीला तो वजा केल्यानंतरच्या खर्चावर असतो. मी जानेवारीत असा इशारा लावला असता, तरी तो गप्पच राहिला असता, कारण क्रेडिट असेपर्यंत त्याच्या लेखी खर्च शून्य होता. मी ती खूण काढली आणि मर्यादा ५ डॉलर ठेवली. माझ्या त्या गेस्टने पहिल्या २६ तासांतच ती ओलांडली असती. अर्थात इशारा फक्त मेल पाठवतो, तो यंत्र बंद करत नाही, आणि खर्चाचे आकडे काही तासांच्या विलंबाने येत असल्यामुळे मेलही उशिराच येते.

म्हणून दुसरा उपाय मी गेस्टच्या आतच केला. आता कोणतेही चाचणी गेस्ट सुरू केले की पहिली आज्ञा हीच देते:

```
sudo shutdown -h +240
```

चार तासांनी यंत्र आपोआप बंद होते, आणि काम लांबले तर `sudo shutdown -c` देऊन ती वेळ रद्द करता येते. मात्र यात एक खोच आहे. काही पुरवठादारांकडे गेस्टच्या आतून यंत्र बंद केले, तरी त्याची राखीव जागा सुटत नाही आणि गणनेचे शुल्क चालूच राहते. तिथे ते कन्सोलमधूनच थांबवावे लागते, तर काही ठिकाणी हटवल्याखेरीज शुल्क थांबतच नाही. आमच्याकडे आतून बंद केल्यावर कन्सोलवर गेस्टची स्थिती ‘थांबलेले’ अशी दिसते आणि पुढचे तास बिलात येत नाहीत, हे मी नंतर छोट्यात छोट्या मापाचे गेस्ट एक दिवस बंद ठेवून आणि दुसऱ्या दिवशी बिलातील तास मोजून खात्री करून घेतले. हे दोन्ही उपाय, हटवलेल्या संसाधनांची नावे आणि वेळा लिहून मी त्याच दिवशी त्याच तिकिटावर उत्तर दिले.

पुढचे ११ दिवस निर्णयाबाबत काहीच घडले नाही. तिकिटाची स्थिती ‘अंतर्गत विभागाकडे पाठवले’ अशी होती. १० मार्चला वसुलीचा दुसरा प्रयत्नही फसल्याची मेल आली. त्याच मेलमध्ये खाते निलंबित होऊ शकते असेही लिहिले होते, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. वसुली स्थगित ठेवण्याची विनंती बहुधा यंत्रणेपर्यंत पोहोचली नव्हती. घाबरून दुसरे तिकीट उघडावेसे वाटले, पण एकाच प्रश्नावर दोन तिकिटे म्हणजे दोन वेगळी माणसे आणि दोन वेगळी उत्तरे, असा विचार करून मी थांबले. जुन्याच तिकिटावर मेलची तारीख देऊन दोन ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी उत्तर आले की, प्रकरण प्रलंबित असेपर्यंत खाते निलंबित केले जाणार नाही. ती एक ओळ मी जतन करून ठेवली.

१७ मार्चला निर्णय कळला. फेब्रुवारीच्या इनव्हॉइसवर १२८.७९ डॉलरचे समायोजन करण्यात आले होते आणि थकीत रक्कम शून्य झाली होती. त्यासोबत दोन गोष्टी स्पष्ट केलेल्या होत्या. हे समायोजन सद्भावनेपोटी एकदाच दिले जाते आणि तशी नोंद खात्यावर राहते, ही पहिली. दुसरी अशी की, ते एका बंद झालेल्या इनव्हॉइसपुरतेच असते, त्यामुळे मार्चमधील शुल्क त्यात येत नाही. मार्चचे शुल्क म्हणजे गेस्ट चालू होते ते ६८ तास, आणि ६ मार्चपर्यंत मी उगाच ठेवलेली डिस्क व पत्ता.

मार्चसाठी पुन्हा विनंती करता आली असती, पण मला ते बरोबर वाटले नाही. ३ एप्रिलला १५.११ डॉलरचा इनव्हॉइस आला. त्यात गणनेचे १३.०६, डिस्कचे १.४० आणि पत्त्याचे ०.६५ डॉलर होते. कार्डाच्या खात्यात आधीच पैसे भरून ठेवले होते, त्यामुळे वसुली पहिल्याच प्रयत्नात झाली. एप्रिलचा इनव्हॉइस मेच्या सुरुवातीला आला, तोही जानेवारीसारखा शून्याचा. तो मी उघडून प्रत्येक रीजनपर्यंत उलगडून बघितला.